शपथ नको, पासबुक आणा

जुगार सोडवायचे घरगुती उपाय आपल्याकडे ठरलेले आहेत. आधी आई रडते. मग वडील किंवा थोरला भाऊ मुलाला देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावतात. त्याचा मोबाइल काढून घेतात आणि साधा बटणांचा फोन हातात देतात. काका-मामा पैसे जमवून देणेकऱ्यांची तोंडं बंद करतात आणि 'एकदाचं मिटलं' म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. काही महिन्यांनी नवा देणेकरी दारात उभा राहतो. समुपदेशकाकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण या चक्रातून एकदा तरी गेलेले असतात. त्यामुळे पहिल्या भेटीला येताना त्यांची अपेक्षा एवढीच असते, की इथंही बोलणी खावी लागणार आणि इथंही शपथ घ्यावी लागणार.

प्रत्यक्षात पहिल्या भेटीचा मोठा भाग हिशेबात जातो. कधी लावले, किती लावले, कुठून आणले, कोणाचे देणं आहे आणि हे सगळं घडत असताना मनात काय चाललं होतं, हा तो हिशेब. तो कसा होतो हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका माणसाचं नाही. अशा अनेक हकीकतींत जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एकत्र करून रचलेलं आहे आणि त्यातले आकडेही नमुन्याचे आहेत.

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा 29 वर्षांचा तरुण. पगार 28 हजार, लग्नाला तीन वर्षं झालेली. सुरुवात मोबाइलवरच्या रमीपासून झाली, शंभर-दोनशे रुपयांपासून. पुढे आयपीएलचे सामने आले. ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि मोठ्या कंपन्यांनी असे खेळ थांबवले. काही आठवडे तो शांत होता. मग एका मित्रानं व्हॉट्सअ‍ॅपवरून 'आयडी' देणारा एजंट गाठून दिला आणि सट्टा पुन्हा सुरू झाला. या वेळी तर कुठल्या कंपनीचं नाव नाही, पावती नाही, काहीच नाही. बायकोला पत्ता लागला तो कपाटातल्या बांगड्या दिसेनाशा झाल्यावर. त्या सोनेतारणात होत्या.

पहिला फोन तिनं केला. हे नेहमीचंच आहे. खेळणारा माणूस 'पुढच्या डावात सगळं वसूल होईल' या आशेवर असतो, घरच्यांची ती आशा आधी संपते.

तिनं लावलेला नंबर होता 14416. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. तिचं तांत्रिक नेतृत्व बंगळुरूच्या निम्हान्सकडे आहे. ती चोवीस तास चालते आणि फोनला पैसे पडत नाहीत. 1800-891-4416 हा तिचाच दुसरा क्रमांक. फोन लावला की आधी भाषा निवडायला सांगतात. मराठी निवडता येते. मग फोन राज्यातल्या केंद्रावरच्या प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो. ही पहिली पायरी. प्रकरण गंभीर वाटलं, औषधांची गरज दिसली किंवा जिवाला धोका जाणवला, तर समुपदेशक ते दुसऱ्या पायरीवर पाठवतात. तिथं मानसोपचारतज्ज्ञ फोनवर किंवा व्हिडिओवर बोलू शकतात, नाहीतर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाशी गाठ घालून दिली जाते. ही हेल्पलाइन केवळ जुगारासाठी नाही. झोप न येण्यापासून परीक्षेच्या ताणापर्यंत सगळ्यासाठी तोच नंबर आहे. त्यामुळे 'मला जुगाराबद्दल बोलायचंय' हे पहिल्याच वाक्यात सांगितलेलं बरं. तिच्याशी मिळताजुळता 14446 हा सामाजिक न्याय खात्याचा नशामुक्तीचा क्रमांक आहे. तो दारू आणि अमली पदार्थांसाठी आहे. दोन्हींत गल्लत होते.

अशा फोनवर सुरुवातीचे प्रश्न फार साधे असतात. आत्ता मोकळेपणानं बोलता येईल का? ते घरात आहेत का? तुम्हाला मारहाण होते का? आणि लगेच पुढचा: 'मी असून काय उपयोग', 'मी मेलो तर तुम्ही सुटाल' असं ते कधी बोललेत का? शेवटचा प्रश्न घरच्यांना दचकवतो, पण तो नेमानं विचारावाच लागतो. त्याचं कारण पुढे येईल.

बायकोच्या दोन मागण्या होत्या. कोणीतरी नवऱ्याला फोन करून दम द्यावा आणि त्या एजंटकडून पैसे परत मिळवून द्यावेत. हेल्पलाइन यातलं काहीच करू शकत नाही. ती कोणाला जबरदस्तीनं उपचाराला आणत नाही, पैसे वसूल करत नाही, वकिली सल्ला देत नाही. फसवणूक झाली असेल तर 1930 हा सायबर गुन्ह्यांचा वेगळा क्रमांक आहे. 'हरलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असं सांगणारे नंबर इंटरनेटवर सापडतात. ते बहुधा दुसऱ्यांदा लुबाडणारे असतात.

मग हेल्पलाइनचा उपयोग काय? समुपदेशकानं तिला चार कामाच्या गोष्टी सांगितल्या. स्वतःचा पगार, पासबुक आणि यूपीआयचा पिन वेगळा करा. कुठल्याही कर्जाला जामीन राहू नका. माहेरून पैसे आणून सगळी देणी एका दमात फेडू नका. आणि हा विषय काढायचा तर तो नुकता हरून बसलेला असताना रात्री अकराला काढू नका, सुट्टीच्या दिवशी सकाळी काढा. 'तू जुगारी आहेस' असं न म्हणता 'बांगड्या नाहीत, हप्ता थकलाय, मला भीती वाटते' असं जे दिसतंय ते सांगा. शेवटी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा पत्ता दिला. दोन आठवड्यांनी तो तिच्यासोबत तिथं गेला. मनापासून नव्हे, तिच्या समाधानासाठी. समुपदेशकांना याचं वावडं नसतं. पहिल्या भेटीला स्वखुशीनं येणारे थोडेच असतात.

सरकारी दवाखान्यात आधी केसपेपर निघतो, मग बाकावर वाट पाहणं आलं. खासगी समुपदेशकाकडे पहिली भेट साधारण पाऊण तास ते तासभर चालते. सरकारी ओपीडीत गर्दीमुळे तीच दोन तुकड्यांत होऊ शकते. सहसा माणसाला आधी एकट्याला आत घेतात आणि घरच्यांना त्याच्या संमतीनं नंतर बोलावतात. बायको आधीच सगळं सांगायला उतावीळ असते, पण तिच्यासमोर तो नेमका तोच आकडा सांगतो जो तिला ठाऊक आहे. एक रुपयाही जास्त नाही.

बोलण्याआधी गोपनीयतेचा विषय निघतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017च्या कलम 23नुसार उपचारातली माहिती गुप्त राखणं बंधनकारक आहे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. 'सट्टा बेकायदा आहे, मग हे पोलिसांना कळवतील का?' ही भीती अनेकांना गप्प ठेवते. समुपदेशकाची खोली म्हणजे चौकी नव्हे. शिवाय 2025च्या केंद्रीय कायद्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आणि त्यांचे पैसे फिरवणाऱ्यांना. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही.

मग खरी सुरुवात होते, आणि बहुतेकदा ती शेवटच्या डावापासून होते. 'तुम्ही का खेळता?' असं विचारलं तर 'टेन्शन', 'सवय', 'मित्रांमुळे' अशी घोटीव उत्तरं येतात आणि त्यांतून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा 'शेवटचं कधी लावलं?' हा प्रश्न कामाचा. आपला तरुण म्हणाला, गेल्या रविवारी. मग त्या रविवारची फीत उलटी फिरवली गेली. बायको माहेरी गेली होती. पगार दोन दिवसांपूर्वी झाला होता. दुपारी थकलेल्या हप्त्यासाठी फोन आला. संध्याकाळी एजंटचा मेसेज आला, 'आज बोनस आहे.' साडेआठला पाचशे लावले, हरले. हजार लावले, जिंकले. पावणेदोन वाजता खात्यात एकशे बारा रुपये उरले होते. पहिले पाचशे लावताना मनात काय होतं? 'हप्त्याची सोय होईल.' आणि हजार जिंकल्यावर थांबला का नाहीस? यावर तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, 'हजारानं काय होतंय?'

एका संध्याकाळीतून एवढं निघतं: पगाराचे दिवस, एकटेपणा, वसुलीचा फोन, एजंटचा मेसेज. पुढचे उपचार याच नकाशावर होतात. वैद्यकीय भाषेत त्याला काहीही नाव असो, खोलीत ती नुसती एका रविवारची गोष्ट असते.

त्यानंतर पासबुक. पहिल्या भेटीला बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणायला सांगतात ते संशय म्हणून नव्हे. जुगार खेळणाऱ्याची स्मरणशक्ती एकतर्फी असते. जिंकलेला डाव तारखेनिशी आठवतो, हरलेले डाव एकमेकांत विरघळून जातात. आपल्या तरुणाला 'किती गेले असतील?' असं विचारलं तेव्हा तो 'लाखभर' म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. स्टेटमेंटवर पेन्सिल फिरवत बेरीज केली तेव्हा सहा महिन्यांत 4 लाख 60 हजार रुपये सट्ट्याकडे गेलेले होते आणि 1 लाख 90 हजार परत आलेले. म्हणजे 2 लाख 70 हजारांचा खड्डा, जवळजवळ दहा महिन्यांचा पगार. परत आलेले 1 लाख 90 हजार तो इतके दिवस कमाई समजत होता.

खड्डा कशानं भरला तेही लिहून काढलं. सोनेतारण 1 लाख 10 हजार, कर्ज देणारी अ‍ॅप्स 65 हजार, मित्रांकडून हातउसने 45 हजार आणि घरात साठवलेले 50 हजार, जे बायकोच्या हिशेबानं अजून बँकेत होते. शेवटचा आकडा तिला सांगायचा होता. तो कधी आणि कसा सांगायचा हे त्याच भेटीत ठरलं. पुढच्या वेळी, समुपदेशकासमोर, त्यानं स्वतः.

हे सारं ऐकताना समुपदेशकाच्या मनात एक यादी चालू असते. जुगाराच्या विकाराच्या निदानासाठी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013च्या नियमावलीत नऊ लक्षणं दिली आहेत. वर्षभरात त्यांतली चार किंवा अधिक दिसली तर निदान होतं. चार-पाच असतील तर सौम्य, सहा-सात मध्यम, आठ-नऊ तीव्र. तीच मजा यायला अधिकाधिक रक्कम लावावी लागणं, थांबायचा प्रयत्न केल्यावर चिडचिड होणं, हरलेले वसूल करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं, खोटं बोलणं, पैशांच्या अडचणीतून सुटायला दुसऱ्यांवर विसंबणं, ही त्यांतली काही. आपल्या तरुणात सहा सापडली. सगळ्यात बोलकं लक्षण मला वसुलीचं वाटतं. हौशी माणूस हरला की वैतागून उठतो. विकार जडलेला माणूस हरल्यामुळेच परत येतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासावी लागते: हा जुगाराचाच विकार आहे, की दुसऱ्या कशाचं लक्षण? उन्मादाच्या झटक्यात माणूस काही आठवडे झोपेविना, बेफाम खर्च करत फिरतो आणि त्यात जुगारही खेळतो. तिथं उपचार वेगळे. दारूबद्दल विचारतात, कारण दोन्ही हातात हात घालून येतात. आणि 'गोळ्या कुठल्या चालू आहेत?' असंही विचारतात. हा प्रश्न अनेकांना अस्थानी वाटतो. पण कंपवातावर दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण करतात, हे नोंदलेलं आहे. अ‍ॅरिपिप्राझोल या मानसोपचारातल्या औषधाबद्दल अमेरिकी औषध प्रशासनानं 2016मध्ये असाच इशारा दिला. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेले आजोबा सत्तरीत अचानक लॉटरीची तिकिटं गठ्ठ्यानं आणू लागले, तर त्यांना रागावण्याआधी त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.

आता त्या दचकवणाऱ्या प्रश्नाकडे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे पहिल्याच भेटीत सरळ विचारतात. व्यसनांमध्ये जुगाराच्या रुग्णांत आत्महत्येचा धोका विशेष मोठा असतो. दारू पिणाऱ्याचं घराला रोज दिसतं, जुगाराचं कर्ज एका दिवसात उघडं पडतं, आणि तो दिवस सगळ्यात धोक्याचा. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. आपला तरुण म्हणाला, 'आला होता मनात, वसुलीवाल्यानं सासऱ्यांना फोन केला त्या दिवशी.' यानंतर आकडेमोड बाजूला राहिली. असा विचार पुन्हा आला तर कोणाला सांगायचं, रात्री कोण सोबत असेल, कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे कागदावर लिहून त्याच्या खिशात दिलं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी नैराश्य आहे का ते तपासलं. जुगारावर म्हणून मान्यता मिळालेलं खास औषध अजून नाही. नाल्ट्रेक्सोन काही रुग्णांना देतात, पण मुख्य काम बोलण्यातूनच होतं.

वसुलीच्या फोनांबद्दल एक व्यवहारी माहिती. डिजिटल कर्जांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला कर्जदाराच्या फोनमधली संपर्कयादी किंवा फोटो घेता येत नाहीत. सासऱ्यांपर्यंत फोन जात असेल तर sachet.rbi.org.in इथं तक्रार करता येते.

पहिल्या भेटीच्या अखेरीस काय ठरतं? 'आजपासून बंद' असं वचन तर मुळीच नाही. ठरतात त्या पुढच्या आठवड्याच्या गोष्टी. पगाराच्या खात्याचा ताबा तीन महिने बायकोकडे, रोजच्या खर्चाला ठरलेली रक्कम त्याच्याकडे, आणि हे दोघांच्या सहीनिशी लिहिलेलं, म्हणजे रोज हात पसरल्यासारखं होत नाही. यूपीआयची मर्यादा कमी. एजंटचा नंबर आणि तो ग्रुप तिथंच बसल्या बसल्या ब्लॉक. ओढ आली तर लगेच विरोध करत न बसता वीस मिनिटं पुढे ढकलायची, बाहेर पडायचं, कोणाला तरी फोन करायचा. ओढ चढते तशी उतरतेही. आणि कर्ज? ते हप्त्यानं त्यानंच फेडायचं. इथं घरच्यांचा जीव कासावीस होतो, पण एकरकमी फेडलेलं कर्ज जुगाऱ्याच्या दृष्टीनं पुन्हा उघडलेली उधारी ठरते.

भेट नीट झाली नाही हे ओळखायच्या खुणाही आहेत. नीतीवर व्याख्यान झालं, देवाची शपथ घ्यायला लावली, 'एकवीस दिवसांत शंभर टक्के बरा' अशी हमी दिली, पहिल्याच तासात महागडं पॅकेज पुढे सरकवलं, आणि कर्जाबद्दल किंवा जिवाबद्दल एक प्रश्नही विचारला नाही, तर दुसरीकडे जावं. नीट झालेल्या भेटीनंतरही पुष्कळ जण दुसऱ्यांदा फिरकत नाहीत. आकडा एकदा कागदावर आला की काहींना हलकं वाटतं आणि 'आता जमेल माझं मला' असं होतं. म्हणून पुढची तारीख निघण्याआधीच घेऊन ठेवायची असते.

परदेशातल्या मराठी वाचकांना आपल्याकडे नसलेली एक सोय उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये केवळ जुगारासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, गॅमकेअर संस्थेची, 0808 8020 133. तिथला समुपदेशक बोलता बोलताच 'गॅमस्टॉप'ची वाट दाखवू शकतो. त्यात नाव नोंदवलं की परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्या माणसाला सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं प्रवेश देता येत नाही. ऑस्ट्रेलियात 1800 858 858 हा क्रमांक आणि 2023पासून 'बेटस्टॉप' नावाची तशीच नोंदवही आहे. आपल्याकडचा सट्टा परवान्याविनाच चालतो, त्यामुळे दार बंद करायला सांगणार कोणाला? म्हणून इथं पहिल्या भेटीत एजंटचा नंबर ब्लॉक करणं आणि पगाराचं खातं बायकोच्या हाती देणं, एवढंच करता येतं.

आपला तरुण दुसऱ्या भेटीला आला, तोही पुन्हा एकदा दीड हजार हरून. त्यानं ते आल्या आल्या स्वतः सांगितलं, आणि समुपदेशकानं त्या संध्याकाळची फीत पुन्हा उलटी फिरवली.

घरात कोणाचं असं चाललंय असा संशय असेल, तर तो कबूल होईपर्यंत थांबू नका. 14416 वर आई, बायको, भाऊ, मित्र कोणीही स्वतःसाठी बोलू शकतं. आणि भेटीची तारीख मिळालीच, तर सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, देण्यांची यादी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.